एच-१बीची सोडत आणि मार्चआधीचा हिशेब

मार्चचा शेवटचा आठवडा आला की अमेरिकेत शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो: "पिक झालं का?" गंमत अशी, की ज्याचे नाव सोडतीत असते त्याला हे उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहताच येत नाही. नाव कंपनीने नोंदवलेले असते, त्यामुळे निकालही कंपनीच्या किंवा तिच्या वकिलाच्या ऑनलाइन खात्यातच उमटतो. निवड झाली असेल तर तिथे `Selected` असे दिसते. झाली नसेल तर मात्र लगेच नकार दिसत नाही. आधीचाच `Submitted` हा शेरा तसाच राहतो आणि तो पुढे कित्येक महिने हलत नाही. साताऱ्याला किंवा नाशिकला बसलेले आईवडील विचारतात, "म्हणजे झालं की नाही?" आणि मुलाला नीट सांगता येत नाही.

हा शेरा का हलत नाही, हे कळले की सगळी यंत्रणाच उलगडू लागते. आणि यंत्रणा कळली की एक गोष्ट पक्की होते. नाव लागले नाही तर काय करायचे, हे ठरवण्याची वेळ निकालानंतरची नसते, ती निकालाच्या बरीच आधीची असते. पर्याय आहेत, पण प्रत्येक पर्यायाला स्वतःची मुदत आहे आणि बहुतेक मुदती मार्चची वाट पाहत नाहीत.

जागा किती, उमेदवार किती

एच-१बी हा अमेरिकेचा नोकरीसाठीचा तात्पुरता व्हिसा. विशिष्ट विषयातली पदवी लागते अशा कामासाठी अमेरिकी कंपनी परदेशी माणसाला या व्हिसावर ठेवू शकते, साधारणपणे सहा वर्षांपर्यंत. १९९०च्या कायद्याने या व्हिसाची वर्षाची मर्यादा ६५,००० ठरवली. संगणक क्षेत्राच्या तेजीत ती वाढली, २००१ ते २००३ या वर्षांत १,९५,०००पर्यंत गेली आणि २००४ पासून पुन्हा ६५,०००वर आली. २००४च्या कायद्याने अमेरिकेतल्या विद्यापीठातून मास्टर्स किंवा त्यावरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा दिल्या. म्हणजे एकूण ८५,०००. तेव्हापासून हा आकडा बदललेला नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'भारतीयांचा कोटा भरला' असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. एच-१बीला देशवार कोटा नाही. चिली आणि सिंगापूर यांच्यासाठी ६५,०००मधून ६,८०० जागा वेगळ्या ठेवतात, तेवढाच काय तो अपवाद. देशवार मर्यादा ग्रीन कार्डाला आहे, आणि भारतीयांची तिथली लांबच लांब रांग हा वेगळा विषय आहे. मंजूर होणाऱ्या एच-१बी अर्जांपैकी साधारण सत्तर टक्के भारतात जन्मलेल्यांचे असतात, म्हणून हा आपलाच प्रश्न वाटतो एवढेच.

जागा ८५,००० आणि मागणी त्याच्या कित्येक पट, म्हणून सोडत. पूर्वी कंपन्या पूर्ण अर्जाची जाडजूड कागदपत्रे एप्रिलच्या पहिल्या दिवसांत कुरिअरने पाठवत, आणि त्या गठ्ठ्यांतून सोडत निघे. ज्यांचे नाव निघाले नाही त्यांचे गठ्ठे तसेच परत येत. २०२० पासून आधी फक्त ऑनलाइन नोंदणी करायची आणि नाव निघाले तरच पूर्ण अर्ज भरायचा, अशी पद्धत आली. नोंदणीची फी तेव्हा १० डॉलर होती, २०२५च्या मार्चपासून ती २१५ डॉलर झाली.

नोंदणी मार्चमध्ये किमान चौदा दिवस खुली असते. महिनाअखेरपर्यंत निवडीची सूचना येते. १ एप्रिलपासून किमान नव्वद दिवसांत कंपनीला पूर्ण अर्ज दाखल करावा लागतो आणि तो मंजूर झाला तर १ ऑक्टोबरपासून, म्हणजे अमेरिकेच्या नव्या आर्थिक वर्षापासून, व्हिसाची नोकरी सुरू होते.

आता त्या न हलणाऱ्या शेऱ्याकडे येऊ. ज्यांची नावे निघतात ते सगळेच अर्ज करत नाहीत. कोणाची नोकरी सुटते, कोणाचा अर्ज नामंजूर होतो. म्हणून जागांपेक्षा जास्त नावे काढतात. आर्थिक वर्ष २०२६साठीच्या, म्हणजे मार्च २०२५च्या सोडतीत ३,४३,९८१ पात्र नोंदण्यांतून १,२०,१४१ निवडल्या गेल्या. तरीही जागा उरल्या तर उन्हाळ्यात दुसरी फेरी होते. २०२३ आणि २०२४ साली ती झाली, २०२५ साली झाली नाही. ही शक्यता संपेपर्यंत न निवडलेल्या नोंदणीवर `Submitted` हाच शेरा राहतो. सगळे संपल्यावर तो `Not Selected` होतो. त्यामुळे एप्रिल उजाडला आणि शेरा तोच असेल, तर पहिल्या फेरीत नाव लागलेले नाही असे समजून पुढच्या तयारीला लागावे. दुसऱ्या फेरीवर काही बेतू नये.

चिठ्ठ्या सारख्या नाहीत

म्हाडाच्या घरांची सोडत आपल्या ओळखीची आहे. एका गटातल्या प्रत्येक अर्जदाराला सारखीच संधी. एच-१बीची सोडतही कागदोपत्री बरीच वर्षे तशीच होती, पण प्रत्यक्षात तिला एक पळवाट होती. एकाच माणसासाठी चार कंपन्यांनी नोंदणी केली तर त्याच्या चार चिठ्ठ्या पडत. २०२३च्या मार्चमध्ये ७,५८,९९४ पात्र नोंदण्या आल्या आणि त्यातल्या ४,०८,८९१ नोंदण्या एकापेक्षा जास्त वेळा नाव आलेल्या लोकांच्या होत्या. एकमेकांशी संगनमत करून एकाच उमेदवाराचे नाव घालणाऱ्या छोट्या कन्सल्टन्सींचा हा धंदा होता. २०२४ पासून नियम बदलला. कितीही कंपन्यांनी नाव घातले तरी पासपोर्टच्या आधारे माणूस एकच मोजायचा. त्यानंतर नोंदण्यांचा आकडा झपाट्याने उतरला.

दुसरा मोठा बदल डिसेंबर २०२५च्या अंतिम नियमाने झाला. तो २७ फेब्रुवारी २०२६ पासून लागू आहे. आता चिठ्ठ्या पगाराच्या पातळीनुसार पडतात. अमेरिकेचे कामगार खाते प्रत्येक कामासाठी आणि प्रत्येक भागासाठी पगाराच्या चार पातळ्या जाहीर करते. देऊ केलेला पगार पहिल्या पातळीत बसत असेल तर नाव एकदा, दुसऱ्या पातळीत दोनदा, तिसऱ्या पातळीत तीनदा आणि चौथ्या पातळीत चारदा सोडतीत जाते. नियमाच्या मसुद्यात खात्याने जो अंदाज दिला होता, त्यानुसार पहिल्या पातळीवरच्या माणसाची निवड होण्याची शक्यता सुमारे १५ टक्के, दुसरीवर ३१, तिसरीवर ४६ आणि चौथीवर ६१ टक्के. सगळ्यांना सारखी संधी असती तर ती सुमारे ३० टक्के राहिली असती. नोंदण्या किती येतात यावर दरवर्षीचे आकडे खालीवर होणार, पण प्रमाण लक्षात येते. नुकतेच शिकून बाहेर पडलेल्यांची शक्यता निम्म्यावर आली आहे.

यातली बारकाईने पाहण्याची गोष्ट म्हणजे 'प्रत्येक भागासाठी' हे शब्द. पातळी नुसत्या पगारावर ठरत नाही. काम कोणते आणि ते कुठे करणार, यावर ठरते. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात जो पगार सॉफ्टवेअर डेव्हलपरसाठी पहिल्या पातळीत मोडतो, तोच एखाद्या लहान शहरात दुसऱ्या किंवा तिसऱ्या पातळीत मोडू शकतो. तेव्हा दोन ऑफर हातात असतील तर फक्त पगाराचा आकडा पाहून चालत नाही. कामगार खात्याच्या संकेतस्थळावर हे तक्ते सगळ्यांना खुले आहेत. कामाचा संकेतांक आणि जिल्हा टाकला की चारही पातळ्यांचे आकडे दिसतात. कधी कधी आपला पगार वरच्या पातळीपासून दोन-तीन हजार डॉलरनेच खाली आहे असे आढळते. कंपनीकडे पगारवाढ मागायची असेल तर ती जानेवारी-फेब्रुवारीत मागावी. मार्च उलटल्यावर मागितलेल्या वाढीचा त्या वर्षीच्या सोडतीला उपयोग नाही.

मात्र हा खेळ कागदावर खेळता येत नाही. नोंदणीत जी पातळी, जो संकेतांक आणि जी जागा लिहिली, त्याच्याशी नंतरचा अर्ज जुळावा लागतो. वरच्या पातळीवर नाव काढून घ्यायचे आणि मग कमी पगाराची किंवा दुसऱ्या जागेची नोकरी दाखवायची, असे केले तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. दोन कंपन्यांनी वेगवेगळ्या पातळ्यांवर नाव नोंदवले असेल तर त्यातली सर्वांत खालची पातळी धरतात. म्हणजे एखाद्या कन्सल्टन्सीने पहिल्या पातळीवर घातलेली 'जास्तीची' नोंदणी आता उलट मूळच्या चांगल्या नोंदणीचे नुकसान करते.

एक उदाहरण, तारखांसकट

समजा, साताऱ्याची एक मुलगी डॅलसजवळच्या एका विद्यापीठातून संगणकशास्त्रात एम.एस. करून मे २०२५मध्ये बाहेर पडली. शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच बारा महिने काम करण्याची परवानगी मिळते, तिला ओपीटी म्हणतात. तिची ओपीटी १ जुलै २०२५ ते ३० जून २०२६. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांच्या पदवीला आणखी चोवीस महिने मिळतात. म्हणजे ३० जून २०२८. मात्र त्यासाठी कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी यंत्रणेत नोंदलेली असावी लागते, आणि वाढीव मुदतीचा अर्ज पहिली मुदत संपण्याआधी, फार तर नव्वद दिवस आधीपासून, द्यावा लागतो. पहिली नोकरी घेताना हा प्रश्न विचारायचा राहून गेला तर दोन वर्षे, म्हणजेच सोडतीच्या दोन संधी, हातच्या जातात.

तिच्या वाट्याला मार्च २०२६, २०२७ आणि २०२८ अशा तीन सोडती येतात. आता वरचे अंदाज लावून पाहू. तिन्ही वेळा ती पहिल्या पातळीवर राहिली तर तिन्हीत मिळून एकदा तरी नाव लागण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के. दुसऱ्या पातळीवर राहिली तर ६७ टक्के, तिसरीवर ८४ टक्के. तीन वर्षांत तिचा पगार वाढत जाईल, म्हणून खरा आकडा यांच्या मधेच कुठेतरी असेल. पण पहिल्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जाणे हे कोणत्याही नवसापेक्षा जास्त कामाचे आहे, एवढे या हिशेबातून दिसते. आणि ८४ टक्के म्हणजेही सहातल्या एकीचे नाव तिन्ही वेळा लागलेले नसते.

मार्च २०२८मध्ये नाव लागले तर ३० जूनला तिची मुदत संपली तरी अडचण नाही. कंपनीने तोवर अर्ज दाखल केला असेल आणि त्यात अमेरिकेतच व्हिसाचा दर्जा बदलून मागितला असेल, तर अर्ज मार्गी लागेपर्यंत तिला कामावर राहता येते. याला कॅप-गॅप म्हणतात आणि २०२५ पासून ही सवलत पुढच्या १ एप्रिलपर्यंत चालते.

नाव लागले नाही, तर ३१ मार्च २०२८ला तिच्या हातात नोकरीचे तीन महिने आणि त्यानंतर आवराआवरीचे साठ दिवस उरतात. २९ ऑगस्ट २०२८ हा शेवटचा दिवस. पाच महिन्यांत दुसरी नोकरी, दुसरा देश किंवा दुसरा व्हिसा शोधणे अवघड असते. म्हणून तिची पर्यायी योजना ठरवण्याची खरी तारीख मार्च २०२७ आहे. दुसऱ्या सोडतीत नाव आले नाही त्या दिवशी तिच्याकडे पंधरा महिने आहेत, आणि खाली दिलेले बहुतेक मार्ग पंधरा महिन्यांत बसतात.

सोडतीबाहेरचे मार्ग

पहिला मार्ग फार कमी जणांना माहीत असतो. विद्यापीठे, विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ना-नफा संस्था, ना-नफा संशोधन संस्था आणि सरकारी संशोधन संस्था यांच्या एच-१बीला ना वार्षिक मर्यादा, ना सोडत. वर्षात कधीही अर्ज करता येतो. विद्यापीठाशी जोडलेली रुग्णालयेही अनेकदा यात येतात. डेटा, सॉफ्टवेअर, जैवतंत्रज्ञान, सांख्यिकी या विषयांची माणसे तिथे लागतात. पगार खासगी कंपनीपेक्षा बहुधा कमी असतो आणि भरतीची प्रक्रिया संथ असते. जाहिरात, मुलाखत, मंजुरी यात चार-सहा महिने सहज जातात. हा एच-१बी घेऊन पुढे खासगी कंपनीत पूर्णवेळ जायचे तर पुन्हा सोडत आलीच. पण विद्यापीठातली नोकरी चालू ठेवून त्याच्या जोडीला खासगी कंपनीचे काम करता येते, आणि त्या दुसऱ्या अर्जालाही सोडत लागत नाही. ही सवलत पहिली नोकरी आहे तोवरच टिकते.

दुसरा मार्ग मोठ्या कंपनीत काम करणाऱ्यांचा. कंपनीचे पुण्याला, हैदराबादला किंवा टोरांटोला कार्यालय असेल तर तिथे बदली मागायची. परदेशातल्या कार्यालयात सलग एक वर्ष काम झाले की त्याच कंपनीच्या अमेरिकेतल्या कार्यालयात एल-१ व्हिसावर बदली होऊ शकते. एल-१ला वार्षिक मर्यादा नाही. व्यवस्थापकाला एल-१ए मिळतो आणि तो सात वर्षांपर्यंत चालतो. कंपनीच्या खास ज्ञानावर आधारलेला एल-१बी पाच वर्षांपर्यंत. खोच अशी, की विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत त्याच कंपनीत केलेल्या कामाचा एकही दिवस त्या वर्षात धरत नाहीत. आपल्या उदाहरणातली मुलगी जुलै २०२८ला पुण्याला आली तर एल-१ची पात्रता जुलै २०२९च्या आधी येत नाही. शिवाय 'खास ज्ञान' सिद्ध करणे सोपे नाही. कोणालाही येते ते जावा किंवा पायथन यात बसत नाही. कंपनीच्या स्वतःच्या उत्पादनावरचे काम असेल तर बसते. बदलीचे बोलणे करतानाच आपण कोणत्या संघात जाणार आणि परत येण्याबद्दल कंपनीचे धोरण काय, हे मेलवर लेखी घ्यावे.

पुण्यात बहुराष्ट्रीय कंपनीच्या कार्यालयात आधीपासून काम करणाऱ्यांनी तर हा मार्ग एच-१बीच्याही आधी तपासावा, कारण त्यांचे ते एक वर्ष बहुधा केव्हाच भरलेले असते. त्यामागे आणखी एक कारण आहे. २१ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानुसार, अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी नवा एच-१बी अर्ज करताना कंपनीला एक लाख डॉलर भरावे लागतात. आदेश बारा महिन्यांचा आहे आणि तो वाढवण्याची तरतूद त्यातच आहे, म्हणून नोंदणीआधी त्याची ताजी स्थिती वकिलाकडून विचारून घ्यावी. अमेरिकेतच राहून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्यांना ही रक्कम लागत नाही. एल-१ला हा आदेश लागू नाही.

या आदेशामुळे एक साधी चूक फार महाग पडू शकते. नाव निघाले, अर्ज दाखल झाला, तो अजून मंजूर व्हायचा आहे आणि मुलगा गौरी-गणपतीला घरी आला, तर दर्जा बदलण्याची त्याची मागणी सोडून दिल्यासारखी धरतात. मग त्याला भारतातून व्हिसा घेऊन जावे लागते आणि ते लाख डॉलर आड येतात. मंजुरीचे पत्र हाती येईपर्यंत अमेरिकेची सीमा ओलांडू नये, हे घरच्यांनीही समजून घ्यायला हवे.

तिसरा मार्ग पुन्हा शिकण्याचा. यात फसगत सर्वांत जास्त होते. दुसरे एम.एस. केले की नवी ओपीटी मिळेल, असे अनेकांना वाटते. मिळत नाही. ओपीटी प्रत्येक वरच्या शैक्षणिक पातळीला एकदाच मिळते. एम.एस.नंतर पीएच.डी. केली तर मिळते, दुसऱ्या एम.एस.ला नाही. ही अडचण ओळखून काही कॉलेजे 'पहिल्या दिवसापासून नोकरीची परवानगी' अशी जाहिरात करतात. अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून काम करण्याची सीपीटी नावाची परवानगी कायद्यात आहे, पण महिन्यातून एखादा वर्ग आणि बाकी पूर्णवेळ नोकरी असा प्रकार असेल तर पुढे एच-१बीच्या अर्जाच्या वेळी विद्यार्थ्याचा दर्जा खराच पाळला होता का, याची कागदपत्रे मागतात. हजेरी, प्रकल्प, अभ्यासक्रमाशी कामाचा संबंध हे दाखवता आले नाही तर निवड होऊनही दर्जा बदलून मिळत नाही.

मास्टर्सच्या २०,००० जागांबाबतही अशीच एक अट नजरेआड होते. पदवी मान्यताप्राप्त आणि सरकारी किंवा ना-नफा विद्यापीठाची हवी. नफा कमावणाऱ्या खासगी कॉलेजची पदवी त्यात धरत नाहीत. सोडत आधी सगळ्यांची मिळून ६५,००० जागांसाठी निघते आणि त्यात न लागलेल्या मास्टर्सवाल्यांची मग २०,००० जागांसाठी. चुकीच्या कॉलेजची पदवी असताना या दुसऱ्या फेरीत नाव लागले तर अर्ज नामंजूर होतो आणि ते वर्ष वाया जाते. प्रवेश घेण्यापूर्वीच हे पाहून घ्यावे.

ओ-१ हा विशेष गुणवत्तेचा व्हिसाही मर्यादेबाहेरचा आहे, पण त्याला पारितोषिके, शोधनिबंध, इतरांच्या कामाचे परीक्षण, माध्यमांतली नोंद असे ठोस पुरावे लागतात. पीएच.डी. झालेल्या संशोधकाला तो जमू शकतो. दोन-तीन वर्षे नोकरी केलेल्या इंजिनिअरला बहुधा नाही. आणि अमेरिकेबाहेर पाहायचे तर सोडत ही सगळीकडची रीत नाही. ब्रिटनने कुशल कामगारांच्या व्हिसावरची वार्षिक मर्यादा २०२०च्या डिसेंबरमध्ये स्थगित केली. जर्मनीच्या ब्लू कार्डाला पदवी, त्याला साजेशी नोकरी आणि ठरलेल्या किमान पगाराची अट आहे, चिठ्ठी नाही. तिथे प्रश्न नशिबाचा नसून नोकरी मिळण्याचा आहे, आणि ती शोधायला अमेरिकेतला पगार चालू असतानाच सुरुवात करावी लागते.

कंपनीला काय विचारायचे

सोडतीत काही बिघडते ते बहुतेक वेळा नशिबाने नव्हे, तपशिलाने. नोंदणीत पासपोर्टचा क्रमांक असतो, आणि माणूस एकच मोजण्याचा सगळा डोलारा त्याच क्रमांकावर उभा आहे. नोंदणीत ज्या पासपोर्टचा क्रमांक दिला तोच अर्जात हवा. फेब्रुवारीत पासपोर्ट नूतनीकरणाला टाकला आणि कंपनीकडे जुनाच क्रमांक राहिला, तर नंतर पुराव्यानिशी खुलासा करत बसावे लागते. पासपोर्टची मुदत जवळ आली असेल तर तो नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच नवा करून घ्यावा.

नोंदणी झाल्यावर तिच्या पोचपावतीची प्रत कंपनीकडून मागून घ्यावी. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, कामाचा संकेतांक आणि पगाराची पातळी स्वतः तपासावी. 'आम्ही नाव घातलं आहे' एवढ्या तोंडी आश्वासनावर वर्ष काढलेले आणि नंतर नोंदणीच झाली नव्हती असे कळलेले लोक आहेत. पोचपावती मागण्यात संकोच कसला? ती एका मिनिटात मेल होते.

पैशाचा प्रश्न आला की सावध व्हावे. एच-१बी अर्जाचा खर्च हा मालकाचा खर्च आहे. कामगार प्रशिक्षणासाठीची जी फी कायद्याने मालकाने भरायची असते, ती कर्मचाऱ्याकडून वसूल करणे बेकायदा आहे. 'तुम्ही इतके लाख भरा, आम्ही नाव घालतो, प्रोजेक्ट नंतर बघू' असे म्हणणारी कन्सल्टन्सी पुण्यात असो की न्यू जर्सीत, तिच्याकडे खरी नोकरी नाही एवढेच ती सांगत असते. नोंदणी करताना खरी नोकरी देऊ केल्याचे प्रतिज्ञेवर लिहून द्यावे लागते. ते खोटे निघाले तर मंजूर झालेला व्हिसाही रद्द होतो, आणि त्यात आपला हात असल्याचे ठरले तर अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते. बुडालेल्या पैशापेक्षा ते नुकसान मोठे.

चांगल्या कंपनीशीही हे बोलणे वेळेवर करावे लागते. डिसेंबरमध्ये मॅनेजर आणि मनुष्यबळ विभागाशी बसून चार गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात: या वर्षी नोंदणी करणार का, कोणत्या पगाराच्या पातळीवर, नाव लागले नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा करणार का, आणि ओपीटी संपली तर भारतात किंवा कॅनडात काम चालू ठेवता येईल का. चौथ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर ते डिसेंबरमध्ये कळलेले बरे. मग विद्यापीठांतल्या जागांचे अर्ज जानेवारीपासून सुरू करता येतात आणि मार्चअखेर त्या खात्यात कोणताही शेरा दिसला, तरी पुढच्या महिन्याचे काम ठरलेले असते.